मीटर ५६% दाखवतोय, अंग मात्र चिकचिकतंय: दवबिंदूचा आकडा कसा वाचायचा आणि कधी खरा मानायचा

दुपारचे तीन. भिंतीवरचा मीटर ३३ अंश आणि ५६% आर्द्रता दाखवतोय. शर्ट पाठीला चिकटलाय, लिहिताना मनगटाखालचं पान ओलं होऊन उचलून येतंय. पहाटे सहाला याच मीटरवर २४ अंश आणि ९४% होते, आणि तेव्हा त्यामानाने बरं वाटत होतं. म्हणजे आर्द्रता जवळजवळ निम्म्यावर आली आणि चिकचिक वाढली! मीटर बिघडला, हा पहिला संशय. आमच्या घरी आईने तर तो दोनदा आपटून पाहिला, बॅटरी काढून घातली, आणि शेवटी माझ्या हातात दिला, "बघ रे, हा काही खरा वाटत नाही."

मीटर ठणठणीत होता. आपण नको तो आकडा वाचत होतो. ही तक्रार दमट दिवसांत पुन्हा पुन्हा येते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. आधी आकडा समजून घेऊ, मग तो आकडाच चुकीचा येत असेल तर दोष कसा शोधायचा ते पाहू, आणि शेवटी आकडा बरोबर असूनही खोली कोंदट का राहते याचं माझ्याच बेडरूममधलं एक प्रकरण.

टक्के का फसवतात

सापेक्ष आर्द्रता म्हणजे या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, त्याच्या किती टक्के वाफ सध्या आहे, हा हिशेब. यातली ‘जास्तीत जास्त’ ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. दिवस तापला की वाफ तेवढीच राहते, पण मर्यादा वाढल्यामुळे टक्के घसरतात. त्यामुळे पहाटे ९४ आणि दुपारी ५६ हे एकाच हवेचे दोन आकडे असू शकतात.

दवबिंदूचा प्रश्न वेगळा आहे. ही हवा, तिच्यातली वाफ न घटवता न वाढवता, किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातून पाणी सुटायला लागेल? हे उत्तर हवेत प्रत्यक्ष किती वाफ आहे त्यावरच ठरतं. हवा तापली म्हणून ते बदलत नाही. वरचे दोन्ही आकडे सूत्रात घातले तर पहाटेचा दवबिंदू २३.० येतो आणि दुपारचा २३.१. वाफेत फरक काहीच पडला नाही, तापमान तेवढं नऊ अंशांनी चढलं. पहाटे घाम येत नव्हता म्हणून वाफ टोचत नव्हती. दुपारी घाम सुटला, आणि तो वाळेना.

घाम का वाळत नाही तेही दवबिंदूवरूनच कळतं. उकाड्यात त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. ओल्या त्वचेलगतच्या हवेत वाफेचा दाब सुमारे ५६ हेक्टोपास्कल असतो. आसपासच्या हवेचा दवबिंदू १२ असेल तर तिच्यातल्या वाफेचा दाब १४ असतो. म्हणजे घामाला बाहेर ढकलणारा फरक ४२. दवबिंदू २३ झाला की हवेतला दाब २८ होतो आणि फरकही २८ उरतो, म्हणजे आधीच्या दोन तृतीयांश. २८ अंश दवबिंदूला तो फरक १८-१९ वर येतो. तापमान तेच ठेवून फक्त दवबिंदू चढवत नेला तरी घाम वाळण्याची गती अशी निम्म्याखाली जाते. पाठीला चिकटलेला शर्ट हे याच फरकाचं मोजमाप.

म्हणून चिकचिकीसाठी मी दवबिंदूच बघतो. माझी ढोबळ पट्टी अशी: १३ च्या खाली हवा कोरडी आणि मोकळी वाटते. १३ ते १६ मध्ये हवेकडे लक्षच जात नाही. १८ च्या आसपास चालताना गळपट्टीखाली ओल जाणवायला लागते. २१ ला बसल्या जागी चिकचिक, आणि २४ च्या वर पंखा बंद झाला की लगेच कळतं. या रेघा दगडावरच्या नाहीत. वर्षातले अनेक महिने २४ च्या हवेत काढणाऱ्याला २० म्हणजे सुटका वाटते, आणि कोरड्या प्रदेशातून नुकताच आलेला माणूस १८ लाच कासावीस होतो.

एक गफलत इथे नेहमी होते. काही जण तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर बघतात आणि अंतर कमी म्हणजे हवा चिकट असं धरून चालतात. अंतर कमी असणं म्हणजे टक्के जास्त असणं. तो पुन्हा तोच जुना आकडा झाला. १२ अंश तापमान आणि ९५% आर्द्रता असलेल्या धुक्याच्या सकाळी दवबिंदू ११ असतो. कपडे दमट वाटतील, पण चिकचिक शून्य. अंतरावरून धुकं पडेल का, दव पडेल का, चादरी वाळतील का, ते ओळखावं. घामाचं गणित मात्र दवबिंदूच्या स्वतःच्या आकड्यावर करावं.

मीटरवर दवबिंदू नसेल तर

घरगुती मीटर बहुतेक वेळा तापमान आणि टक्केच दाखवतात. तोंडी हिशेब सोपा आहे: १०० मधून टक्के वजा करा, पाचने भागा, आलेला आकडा तापमानातून वजा करा. २४ अंश आणि ९४% असेल तर ६ भागिले ५ म्हणजे १.२, उत्तर २२.८. छान जमलं. ३३ आणि ५६% ला हाच हिशेब २४.२ देतो, म्हणजे खऱ्यापेक्षा अंशभर जास्त. चालेल. पण ३३ अंश आणि २०% ला तो १७ सांगतो, आणि खरा दवबिंदू असतो ७! टक्के ५० च्या खाली असले की हा आडाखा वापरू नका.

नोंदी ठेवत असाल तर स्प्रेडशीटमध्ये तापमान A2 मध्ये, टक्के B2 मध्ये घालून हे सूत्र लावा:

```
=243.04*(LN(B2/100)+17.625*A2/(243.04+A2))/(17.625-LN(B2/100)-17.625*A2/(243.04+A2))
```

सूत्र वापरताना एक पथ्य पाळायचंच: तापमान आणि टक्के एकाच क्षणाचे आणि एकाच जागेचे हवेत. सकाळची आर्द्रता आणि दुपारचं तापमान एकत्र करून फिरणारे भयंकर आकडे याच चुकीतून जन्मतात. आपल्याच उदाहरणात पहाटेचे ९४% आणि दुपारचे ३३ अंश एकत्र घातले तर दवबिंदू ३२ येतो. अशी हवा त्या दिवशी कुठेच नव्हती. दवबिंदू ३० च्या वर दिसला की मी आधी आकड्यावरच संशय घेतो, कारण तेवढी वाफ हवेला बहुधा खूप तापलेल्या समुद्रावरूनच मिळते. सौदी अरेबियातल्या धाहरानला ८ जुलै २००३ रोजी ३५ अंश दवबिंदू नोंदला गेला होता. तो आकडा आजही विक्रम म्हणून सांगतात, आणि धाहरान पर्शियन आखाताच्या काठावर आहे. तुमच्या गॅलरीत ३१ दिसत असतील तर पुढचा भाग वाचा.

आकडाच चुकत असेल तर: तीन लक्षणं

दवबिंदूचा एक मोठा गुण असा की तो स्वतःच मीटरची परीक्षा घेतो. दिवसभरात तापमान दहा अंश वरखाली झालं तरी हवा तीच असेल तोवर दवबिंदू दोन-तीन अंशांतच हलतो. तेव्हा चोवीस तासांचा आलेख काढा आणि दवबिंदूची रेघ तापमानाच्या मागे धावते का ते बघा.

पहिलं लक्षण मला सर्वांत जास्त वेळा भेटलं आहे. रात्री पाऊस पडून गेला, सकाळी ऊन आलं. तापमान २५ वरून ३१ वर चढतंय आणि आर्द्रता ९९ वरच अडकलेली. दवबिंदू अर्थातच तापमानाला चिकटून वर जातो: २५, २७, २९, अगदी ३१ च्या जवळ. नऊ-दहाच्या सुमारास तो अचानक कोसळतो आणि अर्ध्या तासात २३ वर येऊन बसतो. बाहेर असं काही घडलेलं नसतं. सेन्सरच्या टोपणावर किंवा जाळीत पाण्याचा थेंब बसलेला असतो. सेन्सर त्या थेंबाभोवतीची हवा मोजतो, बाहेरची नाही. थेंब उडाला की भानावर येतो. उपाय साधा आहे. सेन्सर आडोशाला, खाली तोंड करून, पावसाची तिरपी सर पोचणार नाही असा टांगा आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. माझ्याकडे एक सेन्सर पन्हळीच्या बरोब्बर खाली होता आणि हे माझ्या लक्षात यायला एक अख्खा पावसाळा गेला.

सलग अनेक दिवस ९५ च्या वर राहिलेला सेन्सर कोरडा झाल्यावरही काही काळ तीन-चार टक्के जास्त दाखवू शकतो. असा सेन्सर कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवला तर बऱ्याचदा सुधारतो. तोवर त्याच्यावर विसंबू नका.

दुसरं लक्षण नेमकं उलट आहे, आणि इथे लोक चांगला मीटर टाकून देतात. गॅलरीत ऊन येतं आणि मीटर ४० अंश, ३८% दाखवतो. सावलीतल्या मीटरवर मात्र ३३ आणि ५६%. तापमानात सात अंशांचा, आर्द्रतेत अठरा टक्क्यांचा फरक. साहजिकच एक मीटर खोटा वाटतो. दोन्हींचा दवबिंदू काढा: २३.० आणि २३.१. उन्हाने मीटर तापला, त्याच्या डबीतली हवा तापली, टक्के घसरले. वाफ होती तेवढीच राहिली. उन्हातल्या मीटरचं तापमान फेकून द्या, टक्के फेकून द्या, पण त्याचा दवबिंदू बिनधास्त घ्या. अट एवढीच की तापमान आणि आर्द्रता मोजणारे दोन्ही भाग एकाच डबीत, एकमेकांजवळ असावेत. तापमानाची तार बाहेर लांब आणि आर्द्रता डबीत, अशी रचना असेल तर हा नियम लागू नाही. तशा मीटरचा दवबिंदू उन्हात काहीही दाखवेल.

तिसरं लक्षण म्हणजे दोन मीटरच्या दवबिंदूंत दिवसरात्र ठरावीक फरक असणं. एक सतत दोन अंश वर. ही बहुधा सेन्सरच्या वयाची चूक. रंग, सॉल्व्हंट, फवारे यांच्या वाफांनीही ती येते. किती फरक माफ करायचा? चांगल्या घरगुती सेन्सरला तीन टक्के इकडेतिकडे गृहीतच धरा. दमट हवेत त्या तीन टक्क्यांनी दवबिंदू अंशभर हलतो. कोरड्या हवेत, म्हणजे २०% च्या आसपास, तेच तीन टक्के दवबिंदू सुमारे अडीच अंशांनी हलवतात. त्यामुळे कोरड्या ऋतूत दोन मीटरचे दवबिंदू न जुळणं हा दोष नव्हे. दमट दिवसांत दोन अंश मात्र जास्तच झाले.

कोण खरं, हे घरच्या घरी ठरवणं

दोन परीक्षा आहेत. मिठाची परीक्षा सेन्सरसाठी. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, काही थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये, आणि सगळं मीठ विरघळताही कामा नये. ते झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात शेजारी ठेवून डबा रात्रभर, जिथे ऊनवारा लागत नाही अशा जागी बंद ठेवा. आत हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, आणि खोली २० अंश असो वा ३०, हा आकडा अर्धा टक्काही हलत नाही. सकाळी डबा न उघडता आकडा वाचा. ८१ दिसले तर मीटर सहा टक्के जास्त सांगतोय. तेवढे वजा करून वापरा. मीठ मीटरला लागू देऊ नका, नाहीतर मीटर कायम मिठाचीच हवा मोजत बसेल.

दुसरी परीक्षा मला जास्त आवडते, कारण तिच्यात सूत्र नाही, सेन्सर नाही, दवबिंदू डोळ्यांनी दिसतो. चकचकीत स्टीलचा पातळ पेला, बाहेरून कोरडा पुसलेला. त्यात निम्म्यापर्यंत साधं पाणी आणि एक थर्मामीटर. बर्फाचा बारीक चुरा चमचा-चमचा घालत ढवळत राहा आणि पाण्याच्या पातळीखालच्या पृष्ठभागावर नजर ठेवा. एक क्षण येतो की पेल्यातलं तुमचं प्रतिबिंब अंधूक होतं, बोट फिरवलं की रेघ उमटते. ते तापमान लिहा. बर्फ घालणं थांबवा, ढवळत राहा, पेला हळूहळू तापू द्या, आणि धुरकटपणा जिथे जातो तेही तापमान लिहा. दोघांची सरासरी म्हणजे तुमच्या खोलीचा दवबिंदू. त्या दिवशी मला धुरकटपणा २२.५ ला दिसला आणि तो गेला २३.५ ला. सरासरी २३, मीटर निर्दोष सुटला. आईचं समाधान आकडेमोडीने झालं नव्हतं, ते या पेल्याने झालं.

चुका दोनच होतात. एक, घाईने बर्फाचे मोठे खडे टाकणं. मग थर्मामीटर मागे राहतो आणि आकडा खाली येतो. दुसरी, वाकून जवळून बघताना पेल्यावर श्वास सोडणं. उच्छ्वासाचा दवबिंदू तिशीच्या पुढे असतो, पेला लगेच धुरकटतो आणि आपण दचकतो. हातभर लांब राहा. हीच युक्ती इंग्लंडच्या जॉन फ्रेडरिक डॅनियलने १८२० मध्ये काचेच्या गोळ्यांचं उपकरण करून वापरली होती, आणि प्रयोगशाळांतली आजची थंड आरशाची यंत्रंही मुळात हेच करतात.

खिडकी उघडावी की नाही

आकड्यावर भरवसा बसला की त्याचा पहिला उपयोग खिडकीशी होतो. रात्री खोलीत २९ अंश आणि ७८%, बाहेर २४ अंश आणि ९४%. टक्के बघणारा म्हणतो, बाहेर ओल जास्त, खिडकी लावा. दवबिंदू बघा: आत जवळजवळ २५, बाहेर २३. बाहेरची हवा थंडही आहे आणि तिच्यात वाफही कमी आहे. आतली ज्यादा वाफ आपल्याच श्वासाची, घामाची, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची. खिडकी उघडायची.

कसोटी अशी: दोन्ही मीटर आधी एका जागी तासभर शेजारी ठेवून त्यांच्यातला कायमचा फरक काढून टाका. मग आतला दवबिंदू बाहेरच्यापेक्षा अंशभराहून जास्त निघाला, तर वाफेचा उगम घरात आहे. दोन्ही सारखे असतील तर खिडकीने गारवा मिळेल, चिकचिक तीच राहील. आतला कमी असेल तर एसी काम करतोय, खिडकी लावून घ्या. पाण्याच्या कूलरचं उत्तरही इथेच मिळतं. कूलर हवा थंड करतो ती तिच्यात पाणी मिसळून, म्हणजे दवबिंदू वाढवून. बाहेर दवबिंदू ७ असताना ही चैन आहे. २३ असताना बंद खोलीत कूलर लावणं म्हणजे चिकचिक विकत घेणं.

एसी चालू, तापमान बरोबर, तरी गादी दमट

आता माझं प्रकरण. बेडरूममध्ये एसी २४ वर. रात्री अकराला छान वाटायचं, तीनच्या सुमारास जाग यायची: अंग गार, उशी ओलसर, मान चिकट. मीटर २४ अंश दाखवायचा, म्हणजे एसी आपलं काम करतोय असं वाटायचं. पहिल्या रात्री मी सेटिंग २२ वर आणलं. तासाभराने थंडी वाजायला लागली, पांघरूण ओढलं, आणि पांघरुणात पुन्हा चिकचिक. तेव्हाचे आकडे २२ अंश, ७६%, दवबिंदू १७.६. थंडी वाढली, वाफ जेमतेम हलली.

दुसऱ्या रात्री दर अर्ध्या तासाची नोंद ठेवली. अकराला २४.५ अंश, ५८%, दवबिंदू १५.७. तीनला २४ अंश, ७२%, दवबिंदू १८.६. तापमान अर्धा अंश उतरलं आणि दवबिंदू तीन अंश चढला. खोलीचं तापमान सांभाळणारा एसी वाफ काढायचं सोडून बसला होता. याची खूण गॅलरीत मिळाली. एसीच्या पाण्याच्या नळीखाली मी बादली ठेवली होती. अकराला थेंब मोजताना दम लागेल अशी टपटप. तीनला टॉर्च घेऊन गेलो तर नळीचं तोंड कोरडं. बादलीतल्या पाण्याची पातळी दोनपासून जागची हललेली नव्हती.

कारण असं. एसी वाफ काढतो ती आतल्या कॉइलच्या गार पृष्ठभागावर. कॉइल खोलीच्या दवबिंदूपेक्षा थंड असेल तरच तिच्यावर पाणी धरतं. संध्याकाळी खोली तापलेली, कंप्रेसर जोरात, कॉइल खूप थंड. मध्यरात्रीनंतर बाहेर गारवा येतो, खोली २४ वर टिकवायला फारसं काही करावं लागत नाही, इन्व्हर्टर कंप्रेसर मंद होतो. एसीचा पंखा मात्र मी सर्वांत वरच्या वेगावर ठेवला होता. मंद कंप्रेसर आणि भरपूर वारा, त्यामुळे कॉइल इतकी कोमट झाली की पाणी धरेना. वर कंप्रेसर थांबला की तोच पंखा कॉइलवरचं उरलेलं पाणी उडवून पुन्हा खोलीत आणतो. दरम्यान झोपलेल्या दोन माणसांचे श्वास आणि दाराखालच्या फटीतून २३ दवबिंदूची बाहेरची हवा, दोन्ही चालूच.

दुरुस्ती माणूस न बोलावता झाली. पंख्याचा वेग सर्वांत खाली आणला, दाराखाली जुना टॉवेल गुंडाळून सरकवला, आणि झोपताना ‘ड्राय’ मोड लावला. कमी वाऱ्यात कॉइल थंड राहते आणि तेवढ्याच थंडाव्यात जास्त पाणी काढते. त्या रात्री तीनला २५.५ अंश, ५६%, दवबिंदू १६.१. तापमान आधीपेक्षा दीड अंश वर, दवबिंदू अडीच अंश खाली, आणि जाग थेट सकाळी आली. नळी रात्रभर ठिबकत होती.

एसीच्या खोलीत मी १७ च्या खाली दवबिंदू राखायला बघतो. इमारतींतल्या सुखद हवेसाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅश्रे ५५ या मानकात आर्द्रतेची जी वरची रेघ बराच काळ वापरली गेली, तीही १६.८ अंश दवबिंदूची आहे. माझ्या अनुभवाशी ती छान जुळते. पंखा खाली आणूनही नळी कोरडीच राहिली आणि दवबिंदू १८ च्या वर, तर आधी जाळी धुवून बघा. नाहीच सुधारलं, तर एसी खोलीच्या मानाने मोठा आहे का ते पाहा. मोठा एसी खोली झटकन गार करून थांबतो आणि वाफ काढायला त्याला वेळच मिळत नाही. ‘ड्राय’ मोड प्रत्येक यंत्रात वेगळा वागतो, त्यामुळे पहिल्या रात्री मीटर उशाशी ठेवा.

दवबिंदू बरोबर आहे, तरी जाणीव जुळत नाही

असंही होतं. दवबिंदू घामाचं वाळणं सांगतो, एकूण उष्णता नाही. ४२ अंशांत दवबिंदू ७ असेल तर अंग कोरडं राहील, पण ती हवा सुखाची नाही. घाम दिसत नाही कारण तो सुटताक्षणी उडतोय, आणि शरीरातलं पाणी न कळत जातंय. तिथे ‘दवबिंदू कमी आहे’ म्हणून उन्हात हिंडू नका. दुसऱ्या टोकाला, २१ अंशांच्या रिमझिमीत दवबिंदू २० असतो, पट्टीप्रमाणे चिकचिक हवी, पण स्वस्थ बसलेल्याला घामच येत नाही, त्यामुळे काही टोचत नाही. जिना चढा, लगेच टोचेल.

वाऱ्याचंही तसंच. पंखा दवबिंदू दशांशानेही उतरवत नाही, तो फक्त त्वचेलगतची ओली हवा हटवतो. म्हणून एकाच खोलीत, एकाच दवबिंदूत, पंख्याखालचा आणि कोपऱ्यातला माणूस वेगवेगळं सांगतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. मोबाईलवरच्या अ‍ॅपचा आकडा न जुळण्याचं कारणही बरेचदा असंच साधं निघतं. तो आकडा काही किलोमीटर दूरच्या केंद्राचा किंवा गणिती अंदाजाचा असतो. तापमानात तो बराच चुकू शकतो, दवबिंदूत कमी. तुमचा मीटर आणि अ‍ॅप यांचे दवबिंदू मोकळ्या हवेत दीड-दोन अंशांत जुळत असतील तर पुढे खोदत बसू नका. अचानक पाच अंशांची उडी दिसली तर मात्र आधी वाऱ्याची दिशा बघा. ती बदलली असेल तर हवाच बदलली आहे. बदलली नसेल तर सेन्सरच्या जाळीवर थेंब बसलाय का, ते जाऊन बघा.